सळई खाली, भेग वर

हॉलच्या फरशीला एका सरळ रेषेत तडा गेला की त्या घरात चार वेगवेगळी कारणं ऐकू येतात. फरशी बसवणारा म्हणतो, स्लॅब हलला. स्लॅबचा ठेकेदार म्हणतो, काँक्रीट आकसलं, ते आकसतंच. काँक्रीट पुरवणारा म्हणतो, यांनी पाणी नीट मारलं नाही. बिल्डरचा सुपरवायझर म्हणतो, फरशीच्या खोक्यांचे ढीग रचले होते, त्यांनी स्लॅबवर जोर आला. यातलं एकही विधान निखालस खोटं नसतं, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही. स्लॅबच्या तपासणीचा चांगला अहवाल या चौघांपैकी एकाची बाजू घेत नाही. कोणत्या गोष्टीमुळे भेग पडली, कोणत्या गोष्टींनी तिला हातभार लावला आणि आता करायचं काय, या तीन प्रश्नांची उत्तरं तो वेगवेगळी ठेवतो. तीन उत्तरं एकमेकांत मिसळली की पैसे चुकीच्या जागी खर्च होतात.

नमुना म्हणून एक प्रकरण घेऊ. महाराष्ट्रातल्या कुठल्याही वाढत्या शहरात सापडेल अशी चार मजली इमारत. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या जमिनीचा स्लॅब १२५ मिलिमीटर जाडीचा, काँक्रीट एम २० प्रतीचं, दोन बीममधलं अंतर साडेतीन मीटर. स्लॅब मे महिन्यात टाकला, फरशी दिवाळीनंतर बसली, आणि पुढच्या उन्हाळ्यात हॉल आणि जेवणाच्या जागेमध्ये फरशीवर तडा दिसला. तिथे वर भिंत नाही, खाली मात्र बीम आहे. तडा त्या बीमला समांतर, जवळजवळ खोलीभर गेलेला. आजूबाजूच्या फरशा ठोकल्या तर पोकळ वाजतात.

पहिलं काम म्हणजे फरशी उचलणं. फरशीवरचा तडा पाहून स्लॅबबद्दल काहीही लिहू नये, कारण खालचा रेती-सिमेंटचा थर नीट भरला नसेल तर फरशी एकटीही तडकते. इथे फरशी आणि खालचा थर काढल्यावर स्लॅबच्या पाठीवरही तीच रेषा निघाली. बीमच्या कडेला अगदी लागून, सरळ. क्रॅक गेज म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या रेघा छापलेली पारदर्शक पट्टी. ती भेगेवर ठेवून जुळणारी रेघ बघायची. रुंदी भरली ०.८ मिलिमीटर. काँक्रीटचं आपलं मुख्य मानक, आयएस ४५६, घराच्या आतल्या कोरड्या जागी ०.३ मिलिमीटरपर्यंतची भेग चालवून घेतं. त्याच्या खालची भेग म्हणजे काँक्रीटचा स्वभाव, तिच्यामागे अहवाल लिहायची गरज नसते. ही भेग त्याच्या अडीचपटीहून मोठी होती.

आता भेगेचा आकार. एवढ्या एका गोष्टीवरून निम्मी कारणं बाद होतात. ओल्या काँक्रीटवर ऊन-वारा लागून पाणी भराभर उडालं तर पहिल्या काही तासांतच भेगा पडतात, पण त्या तिरक्या, एकमेकींना साधारण समांतर आणि आखूड असतात, आणि बीम कुठे आहे याची त्यांना काही फिकीर नसते. वाळताना काँक्रीट आकसून पडलेली भेग बहुधा स्लॅबच्या पूर्ण जाडीतून आरपार जाते आणि वर-खाली जवळपास सारखीच रुंद असते. गंजलेल्या सळईमुळे पडलेली भेग सळईच्या रेषेवर चालते, तिच्या कडेला तांबूस डाग येतात आणि वरचं काँक्रीट पापुद्र्यासारखं सुटतं. भारामुळे वाकून पडलेली भेग मात्र जिकडे ताण असतो तिकडे रुंद असते आणि आत जाताना निमुळती होत संपते.

हे कसं ओळखायचं? साध्या पाण्याने. भेगेच्या दोन्ही बाजूंना सिमेंटची बुटकी आळी बांधली, आत पाणी भरून रात्रभर ठेवलं आणि खालच्या फ्लॅटचं छत पाहिलं. कोरडं. भेग आरपार नव्हती. मग भेगेवरच गोल काप घेऊन काँक्रीटचा गाभा बाहेर काढला. त्याच्या बाजूवर भेग स्पष्ट दिसत होती. वर उघडी, खाली निमुळती, तळापासून साधारण चाळीस मिलिमीटरवर नाहीशी झालेली. म्हणजे निव्वळ आकसण्याची भेग नव्हे. स्लॅब बीमवर वाकला होता आणि वरची बाजू ताणली गेली होती.

वरची बाजू का, हा प्रश्न बिगरइंजिनिअर माणसाला हमखास पडतो. स्लॅब मध्ये झोळ घेतो, तेव्हा खालची बाजू ताणली जाते, हे सगळ्यांना पटतं. पण सलग स्लॅब बीमच्या वरून पलीकडे जातो तिथे उलटं होतं. तीन विटांवर ठेवलेली लांब फळी दोन्ही गाळ्यांत दाबली की मधल्या विटेवर तिची पाठ ताणली जाते, तसंच. म्हणून बीमजवळ स्लॅबच्या वरच्या अंगाला जादा सळया घालतात. त्यांना साइटवर एक्स्ट्रा म्हणतात. काँक्रीट ताणाला तोंड देऊ शकत नाही, ते काम या सळयांचं. आणि सळई ते काम किती करेल हे तिच्या जाडीइतकंच ती किती उंचावर आहे यावर ठरतं.

या स्लॅबच्या नकाशात बीमवर ८ मिलिमीटरची सळई दर १५० मिलिमीटरवर, वरून २० मिलिमीटर काँक्रीटखाली असं लिहिलं होतं. कव्हर मीटर नावाच्या उपकरणाने सळई किती खोल आहे ते काँक्रीट न फोडता कळतं. भेगेच्या रेषेवर ती ५५ ते ६२ मिलिमीटर खोल दाखवत होती. पण या उपकरणावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. सळई जितकी खोल, तितकं त्याचं वाचन ढिलं होतं, आणि कधी कधी ते खालच्या जाळीची सळई वाचतं. इथे खालची जाळी वरून साधारण ९५ मिलिमीटरवर असायला हवी, त्यामुळे ६० म्हणजे वरचीच सळई असणार, हा अंदाज. अंदाज पक्का करायला दोन जागी छिन्नीने तळहाताएवढा खड्डा केला, सळई उघडी पाडली आणि पट्टीने मोजलं. एका जागी ५८, दुसऱ्या जागी ६१. सळयांची संख्या आणि जाडी नकाशाप्रमाणे अचूक होती. लोखंड चोरलेलं नव्हतं, ते फक्त खाली बसलं होतं.

याचा फरक किती पडतो ते आकड्यांत पाहू. एक मीटर रुंदीच्या पट्टीला बीमवर वाकण्याचा जो जोर सोसायचा होता तो, सुरक्षिततेचं माप धरून, १२.२ किलोन्यूटन-मीटर. सळई जागेवर असती तर पट्टीची ताकद १३.५ होती, म्हणजे डिझाइन बरोबर होतं. सळई ६० मिलिमीटरवर गेल्यावर ताकद उरली सुमारे ७.७. चार सेंटिमीटरच्या घसरणीने स्लॅबने तिथली जवळजवळ ४३ टक्के ताकद गमावली. शिवाय सळई पृष्ठभागापासून जितकी दूर, तितकी ती वरची भेग आवळून धरू शकत नाही. तीच भेग वर आल्यावर रुंद दिसते.

इथे घाईने ‘कारण सापडलं’ म्हणून थांबता येत नाही. सुपरवायझरचा मुद्दा उरतोच. फरशीच्या एका खोक्याचं वजन साधारण ३० किलो. दोन फूट चौरस जागेवर अशी दहा खोकी एकावर एक रचली तर तेवढ्या जागेवर चौरस मीटरला आठशे किलोहून जास्त भार येतो. घराचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो चालत्या भारासाठी धरलेला असतो. फरशीवाल्याने बिलासाठी काढलेल्या फोटोंत ढीग बीमच्या दोन्ही बाजूंना स्पष्ट दिसत होते. मग कारण ढीग की सळई?

याचा निकाल युक्तिवादाने लागत नाही, तुलनेने लागतो. सुदैवाने त्याच फ्लॅटमध्ये तुलनेची जागा होती. बेडरूमच्या बाजूला असाच दुसरा बीम, तेवढाच गाळा, तोच दिवस, तोच काँक्रीटचा माल, तेवढंच पाणी मारलेलं. फोटोंप्रमाणे खोक्यांचे ढीग तिथेही. तिथली फरशी शाबूत होती, पण अहवालासाठी एक पट्टा उचलला. स्लॅबवर भेग होती, पण केसासारखी, ०.१५ मिलिमीटरची. कव्हर मीटर लावला, सळई २६ मिलिमीटरवर. ढीग दोन्हीकडे होते, सळई एकीकडेच बसली होती, आणि रुंद भेग तिकडेच आली. म्हणजे ढिगाने भेग सुरू केली असेल, पण ती उघडी पडली सळईमुळे. कारण ठरवताना प्रत्येक संशयिताला हाच प्रश्न विचारावा लागतो: ही एक गोष्ट नसती आणि बाकी सगळं तसंच असतं, तर आज आपण इथे तपासणीला आलो असतो का? ढीग नसते तर भेग उशिरा आली असती. सळई जागेवर असती तर तक्रारच आली नसती.

सळई खाली का बसली, हे मात्र अजून बाकी आहे. हॉलच्या बाजूला माल वर चढवायचा हॉइस्ट होता. काँक्रीटची घमेली घेऊन माणसं तिथून आत शिरत आणि हॉलमधल्या बीमवरून पुढे जात. सळईची खोली जागोजागी मोजून नकाशावर मांडली तेव्हा हे अंगावर येण्याइतकं स्पष्ट दिसलं. हॉइस्टपासून आत जाणाऱ्या वाटेवर सळया सर्वांत खोल, वाटेपासून दूरच्या कोपऱ्यात जवळजवळ जागेवर. लोकांच्या पायांनी त्या दबल्या होत्या. नकाशात या सळयांखाली दर मीटरला लोखंडी खुर्ची दाखवली होती. वाकवलेल्या सळईची ही खुर्ची वरच्या सळईला उचलून धरते. स्लॅब टाकण्याच्या सकाळचा फिटरच्या फोनमधला फोटो मिळाला, त्यात खुर्ची एकही नव्हती. सळयांखाली खडीचे तुकडे सरकवले होते. त्यावर पाय पडला की तुकडा निसटतो आणि सळई खाली बसते.

अहवालाने याच्याही एक पायरी खाली जायला हवं. काँक्रीट टाकण्यापूर्वीच्या तपासणीच्या कागदावर ‘लोखंड तपासले’ अशी एक ओळ आणि तिच्यापुढे बरोबरची खूण होती. सळयांची संख्या मोजली गेली होती, उंची कोणी मोजली नव्हती. त्यामुळे अहवालात कारण असं लिहिलं गेलं: बीमवरच्या वरच्या सळया खुर्च्यांअभावी काँक्रीट टाकताना सरासरी चाळीस मिलिमीटर खाली बसल्या, आणि काँक्रीट सुरू होण्याआधी त्यांची उंची मोजण्याची पायरी कामाच्या पद्धतीत नव्हती. ‘निकृष्ट दर्जाचे काम’ हे शब्द अनेक अहवालांत सर्रास दिसतात. ते कारण नव्हे. त्यातून उद्याच्या स्लॅबवर कोणी वेगळं काय करायचं ते कळत नाही.

हातभार लावणाऱ्या गोष्टी त्यानंतर, आणि त्यांचं वजन सांगून. खोक्यांचे ढीग हा सर्वांत मोठा हातभार. त्यांनी पहिली भेग पाडली. पाणी मारण्यातली कसर हा दुसरा. टँकरच्या पावत्यांवरून मे महिन्याच्या उन्हात चारच दिवस पाणी मारलं गेल्याचं दिसत होतं. साध्या सिमेंटलाही सात दिवस लागतात, आणि इथे वापरलेल्या राखमिश्रित पीपीसी सिमेंटला मानक किमान दहा दिवस सांगतं. कमी पाण्याने काँक्रीट जास्त आकसतं आणि त्याची ताण सोसायची कुवत घटते, त्यामुळे भेग कमी भारावर सुरू होते आणि नंतर रुंदावत जाते. पण पाणी तर दोन्ही बीमवर सारखंच कमी मिळालं होतं, म्हणून ते कारणाच्या रकान्यात बसत नाही.

काँक्रीट पुरवणाऱ्यावरचा संशय अहवालाने स्पष्टपणे दूर केला, आणि हेही लिहायला हवं असतं. न भेगाळलेल्या जागेतून काढलेल्या तीन गाभ्यांची सरासरी ताकद १९ च्या आसपास आली. एम २० साठी सरासरी १७ च्या वर आणि एकही गाभा १५ च्या खाली नको, असा आयएस ४५६ चा दंडक आहे. काँक्रीट पास. जी गोष्ट तपासून बाद झाली ती अहवालात नसेल, तर पुढच्या बैठकीत ती पुन्हा टेबलावर येते.

आता इलाज. कारण माहीत नसताना जो इलाज झाला असता तो सोपा होता: भेगेत पांढरं सिमेंट भरा, नवी फरशी लावा. ती फरशी वर्षा-दोन वर्षांत त्याच रेषेत पुन्हा तडकली असती. थोडा महाग पर्याय म्हणजे इपॉक्सी नावाची पातळ रासायनिक गोंदासारखी राळ दाबाने भेगेत भरणं. ती काँक्रीट घट्ट जोडते, पण वरच्या अंगाला सळईची कमतरता तशीच राहते. मग ताण आला की जुन्या भेगेच्या शेजारी नवी भेग पडते. इपॉक्सी भेग बुजवते, सळई वर आणत नाही.

त्याआधी मात्र ठरवायला हवं होतं की स्लॅब धोकादायक आहे का. इथे उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे आणि मला ते या अहवालातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. बीमवर स्लॅब कमजोर पडला की त्याचा वाटा गाळ्याच्या मध्याकडे सरकतो, आणि तिथली खालची सळई जागेवर असेल तर ती तो उचलते. हिशोब केला तर मध्यावर मागणी ११ च्या आत येत होती आणि ताकद १३.५ होती. म्हणजे स्लॅब कोसळण्याच्या बेतात नव्हता. पण मानक असा भार सरकवायला ३० टक्क्यांची मर्यादा घालतं, आणि इथे तो ३७ टक्के सरकत होता. निव्वळ हिशोबावर सही करणं योग्य नव्हतं. म्हणून भार-चाचणी झाली. नेहमीच्या चालत्या भाराच्या सव्वापट आणि काढलेल्या फरशीचं वजन, एवढ्या वाळूच्या पिशव्या चोवीस तास स्लॅबवर ठेवल्या. खाली, सुटे टेकू थोड्या अंतरावर ठेवून, डायल गेजने झोळ मोजला. या गाळ्याला सुमारे ३.९ मिलिमीटरपर्यंतचा झोळ मानकाच्या दृष्टीने किरकोळ, त्यापुढे स्लॅब किती परत येतो ते पाहावं लागतं. झोळ आला ४.४. पिशव्या उतरवल्यावर चोवीस तासांत ३.६ परत आला, म्हणजे ८२ टक्के. किमान ७५ हवे असतात. स्लॅब राहायला सुरक्षित, पण भेगेच्या बाबतीत लंगडा, असा निष्कर्ष निघाला.

इलाज त्यावरून बेतला. खालच्या फ्लॅटमध्ये टेकू लावून स्लॅब अलगद उचलून धरला, जेणेकरून त्याच्या स्वतःच्या वजनाचा ताणही उतरेल. हे केलं नाही तर नवी सळई फक्त पुढे येणाऱ्या भारापुरतीच कामाला येते. मग भेगेत इपॉक्सी भरली. त्यानंतर स्लॅबच्या पाठीवर भेगेला आडव्या, दर २५० मिलिमीटरवर, २० मिलिमीटरच्या आसपास खोल खाचा यंत्राने कापल्या. भेगेच्या दोन्ही बाजूंना सुमारे मीटरभर लांब. प्रत्येक खाच धूळ फुंकून कोरडी केली, इपॉक्सी भरली आणि त्यात ८ मिलिमीटरची सळई बसवली. ज्या उंचीवर सळई आधीच असायला हवी होती तिथे आता ती आली. जुन्या आणि नव्या सळया मिळून ताकद पुन्हा १२.२ च्या वर गेली. धूळ राहिलेली खाच हा या कामातला नेहमीचा दोष. सळई बसल्यासारखी दिसते, पण ओढली की सुटते. म्हणून इपॉक्सी भरण्याआधी प्रत्येक खाचेचा फोटो मागितला गेला. टेकू सात दिवसांनी काढले, भेगेच्या जागी काचेची पट्टी चिकटवून महिनाभर लक्ष ठेवलं, आणि मगच फरशी बसली.

हातभार लावणाऱ्या गोष्टींवर आता इलाज नव्हता. न मारलेलं पाणी मागे जाऊन मारता येत नाही. त्या पुढच्या स्लॅबांसाठी सूचना म्हणून गेल्या: खोकी एका जागी तीनपेक्षा जास्त रचायची नाहीत, आणि तीही भिंतीलगत पसरून. मुख्य सूचना मात्र कारणाशी बांधलेली होती. लोखंडी खुर्ची दर मीटरला, माणसांच्या वाटेवर फळ्या, आणि काँक्रीटची गाडी बोलावण्याआधी सुपरवायझरने प्रत्येक बीमवर वरच्या सळईची उंची पट्टीने मोजून कागदावर आकडा लिहायचा.

अहवालातली शेवटची शिफारस त्या खोलीबाहेरची होती. याच फिटरने, याच पद्धतीने सर्व मजल्यांच्या बाल्कन्या बांधल्या होत्या. बाल्कनी एका बाजूनेच धरलेली असते. तिचा सगळा ताण वरच्या सळईवर, आणि ती खाली बसली तर भार सरकायला दुसरी जागाच नाही. हॉलचा स्लॅब भेगाळून इशारा देतो, बाल्कनी फारसा वेळ देईलच असं नाही. म्हणून फरशीला तडा असो वा नसो, प्रत्येक बाल्कनीच्या मुळाशी कव्हर मीटर लावायचा, आणि सळई चाळीस मिलिमीटरपेक्षा खोल मिळाली तर खाली टेकू त्याच दिवशी, हिशोब आणि दुरुस्ती नंतर. आठ बाल्कन्या तपासल्या. दोन ठिकाणी सळई ४५ च्या पुढे गेली होती. त्या दोन्हींखाली संध्याकाळपर्यंत टेकू लागले, आणि वरच्या कुंड्या, टाकी आणि वॉशिंग मशीन आत हलवण्यात आलं.